एका आउटलाइनचे दोन शब्द होतात तेव्हा: लघुलिपीच्या नोट्स उतरवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न डिक्टेशनच्या हस्तलिखित नोट्स पूर्ण वाक्यांत टाइप करणाऱ्यांसाठी आहेत. भर मुख्यतः पिटमन पद्धतीवर आणि तिच्या धर्तीवर बेतलेल्या मराठी लघुलेखनावर आहे. स्पीड कसा वाढवायचा हा इथला विषय नाही. घेतलेली नोट खरी काय सांगते आणि जिथे ती नक्की सांगत नाही तिथे टाइप केलेल्या कागदावर काय दिसले पाहिजे, एवढाच आहे.

एकाच आउटलाइनचे, म्हणजे एका शब्दासाठी लिहिलेल्या चिन्हाचे, दोन अर्थ मुळात होतातच कसे? लिहिणाऱ्याची चूक असते का?

बऱ्याचदा नसते. आयझॅक पिटमन यांनी १८३७ मध्ये मांडलेली पद्धत उच्चारावर चालते आणि तिच्यात व्यंजनांचा सांगाडा आधी लिहिला जातो. स्वरांचे ठिपके आणि छोट्या रेघा नंतर बसवायच्या असतात, आणि वेगाने लिहिताना त्या गाळल्या जातात. गाळल्या नाहीत तर वेग सापडतच नाही. म्हणजे ‘मदत’ आणि ‘मुदत’ या दोन्हींचे कागदावर म-द-त एवढेच उरते. ‘सतरा’ आणि ‘सत्तर’ यांचे स-त-र उरते. ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ यांच्यात फरक फक्त सुरुवातीच्या स्वराचा, आणि तोच पहिल्यांदा गळतो.

दुसरे कारण हाताचे. पिटमनमध्ये प आणि ब, क आणि ग, च आणि ज या जोड्यांचा स्ट्रोक एकच असतो, फरक बारीक आणि जाड रेघेचा. स्ट्रोक निम्म्या लांबीचा केला की त्याला त किंवा द जातीचा ध्वनी जोडला जातो. जाडी गेली किंवा लांबी घसरली की ‘गट’चा ‘कट’ होतो.

तिसरे कारण पद्धतीतच बसलेले आहे. इंग्रजी पिटमनमध्ये ओळीवरचे छोटे वर्तुळ ‘इज’ही असते आणि ‘हिज’ही, ओळीच्या वरचे तेच वर्तुळ ‘ॲज’ही असते आणि ‘हॅज’ही. तिथे लिहिणाऱ्याने सगळे अचूक केले तरी निवड वाक्यावरूनच करावी लागते.

वाक्यात बसतो तो शब्द घ्यायचा, इतके सोपे नाही का?

नाही, आणि बहुतेक गंभीर चुका इथूनच येतात. वाक्यात न बसणारा शब्द लगेच खटकतो आणि दुरुस्त होतो. धोका असतो तो दोन्ही शब्द छान बसतात तिथे. ‘त्यांना मुदत द्यावी’ आणि ‘त्यांना मदत द्यावी’ ही दोन्ही निर्दोष मराठी वाक्ये आहेत. तुमच्या डोक्यात जो शब्द आधी आला तो बसला, आणि मग दुसऱ्याचा विचारच होत नाही. वाचून पाहणाऱ्यालाही काही खटकत नाही, कारण खटकण्यासारखे काही उरलेलेच नसते.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी रेघ काय सांगते, मग त्याच हाताने तो शब्द इतरत्र कसा लिहिला आहे, मग वाक्याचा अर्थ, आणि शेवटी फाइल किंवा इतर कागद. अर्थ तिसऱ्या जागी मुद्दाम ठेवला आहे. तो पहिल्या जागी गेला की रेघेत तुम्हाला हवे तेच दिसू लागते.

रेघ काय सांगते ते कसे तपासायचे?

पाच गोष्टी पाहा. प्रत्येकीची तुलना त्याच पानावरच्या नक्की ओळखलेल्या शब्दाशी करा, पुस्तकातल्या आदर्श आकृतीशी नको.

*स्थान.* आउटलाइनमधला पहिला उतरणारा किंवा चढणारा स्ट्रोक ओळीच्या वर आहे, ओळीवर टेकला आहे की ओळीतून खाली गेला आहे, यावरून पहिला स्वर कोणत्या गटातला ते कळते. पिटमनच्या स्वरव्यवस्थेने पाहिले तर ‘मदत’मधला अ दुसऱ्या स्थानाचा, म्हणजे द ओळीवर टेकणार. ‘मुदत’मधला उ तिसऱ्या स्थानाचा, म्हणजे द ओळ कापून खाली जाणार. म आडवा असतो, त्याच्या उंचीवरून निर्णय करू नका, द पाहा. तुमच्या पद्धतीच्या पुस्तकात स्थानांची मांडणी वेगळी असेल तर अर्थात ती धरा.

*र ची दिशा.* ही फार उपयोगी खूण आहे आणि फार कमी जण ती वापरतात. पिटमनमध्ये शब्दाच्या शेवटी र असेल तर तो साधारणपणे खाली उतरतो. र नंतर स्वर असेल तर तो वर चढतो. म्हणून शेवटचा र वर गेला असेल तर ‘सतरा’कडे झुकते माप, खाली आला असेल तर ‘सत्तर’कडे. सुरुवातीला नियम उलट बाजूने चालतो: शब्द र ने सुरू होत असेल तर र चढता, र च्या आधी स्वर असेल तर उतरता. जोडणी अवघड होत असेल तिथे हा नियम मोडला जातो, त्यामुळे ही खूण पुरावा आहे, निकाल नाही.

*स चे वर्तुळ की स्ट्रोक.* वर्तुळाने सुरू होणाऱ्या शब्दाच्या आधी स्वर नसतो. आधी स्वर असेल तर पूर्ण स्ट्रोक लिहायचा असतो. ‘साल’ आणि ‘असेल’ इथेच वेगळे होतात. शेवटीही तसेच: स नंतर स्वर असेल तर वर्तुळ नको, स्ट्रोक हवा.

*हुक.* ‘प्रत’मध्ये र हुकने, म्हणजे स्ट्रोकच्या सुरुवातीच्या छोट्या वळणाने येतो, ‘परत’मध्ये र चा स्वतंत्र स्ट्रोक अपेक्षित असतो. पण घाईत अनेक हात ‘परत’ही हुकने लिहितात. ‘नोटिशीची प्रत दिली’ आणि ‘नोटीस परत दिली’ यांत केवढे अंतर आहे ते पाहा. अशा हाताच्या नोट्समध्ये हुक दिसला म्हणून ‘प्रत’ ठरवता येत नाही. त्याने इतरत्र नक्की ‘परत’ कसा लिहिला आहे ते आधी शोधा.

*जाडी आणि लांबी.* यांच्यावर सगळ्यात कमी विसंबा. बॉलपेन आणि जेलपेन दाबाने फारसे जाड होत नाहीत, त्यामुळे प-ब, क-ग या जोड्या त्या पेनांच्या नोट्समध्ये जवळजवळ पुसल्या जातात. पेन्सिल किंवा लवचिक निबच्या पेनाने घेतलेल्या नोट्समध्ये जाडीला वजन असते. लांबी मोजताना शेजारचा नक्की पूर्ण लांबीचा स्ट्रोक घ्या. लांबलेल्या डिक्टेशनमध्ये शेवटच्या पानांवर सगळेच स्ट्रोक आखडतात. पहिल्या पानाच्या मापाने तिथले वाचले की नसलेले त आणि द वाक्यांत शिरू लागतात. तसे दिसले तर समजा की शब्द बदललेले नाहीत, माप बदलले आहे.

सगळेच शंकास्पद वाटू लागले तर? कुठे खूण करायची आणि कुठे नाही?

तीन प्रश्न विचारा. रेघ दोन्ही शब्दांना मुभा देते का? वाक्य दोन्हींना मुभा देते का? आणि शब्द बदलल्याने कोणाचे हक्क, रक्कम, तारीख, नाव किंवा निर्णय बदलतो का? तिन्हींचे उत्तर ‘हो’ आले की खूण केलीच पाहिजे. रेघेनेच दुसरा शब्द बाद केला तर खूण नको, तुमचे वाचन ठरले. वाक्याने बाद केला तरी नको: ‘सात दिवसांची म-द-त’ म्हटल्यावर ‘मदत’ उरत नाही.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, म्हणजे ‘आणि’ की ‘व’ अशी शंका असेल, तर साध्या पत्रात एक निवडून पुढे जा. साक्ष, जबाब किंवा सभेतले शब्दशः भाषण असेल तर मात्र तिथेही खूण करा, कारण तिथे शब्दच पुरावा असतो.

एक अपवाद पक्का ठेवा. होकार-नकार उलटवणारी जोडी, म्हणजे मान्य-अमान्य, पात्र-अपात्र, वैध-अवैध, पूर्ण-अपूर्ण, केवळ अर्थावरून कधीही ठरवू नका. रेघेत स्वराची खूण स्पष्ट नसेल तर वाक्य कितीही एका बाजूला झुकत असले तरी शंका नोंदवा.

टाइप करताना खूण नेमकी कशी लिहायची?

चौकोनी कंस वापरा, कारण मजकुरात गोल कंस बोलणाऱ्याचे असू शकतात. आत पहिला शब्द तुम्हाला अधिक संभवनीय वाटतो तो, मग तिरकी रेघ, मग दुसरा, आणि प्रश्नचिन्ह. दोन्ही सारखेच वाटत असतील तर ‘समान’ असे लिहा. कंसाच्या शेवटी नोटबुकाचे पान आणि ओळ द्या.

```
[मुदत / मदत ? पा. ४ ओ. ११]
[प्रत / परत ? समान, पा. ६ ओ. २]
[एक शब्द वाचता येत नाही, पा. ६ ओ. ९]
```

तिसरी ओळ वेगळ्या जातीची आहे आणि ती पहिल्या दोघींत मिसळू नका. दोन वाचने निघणारी आउटलाइन आणि वाचताच न येणारी आउटलाइन यांचे उपाय वेगळे असतात. पहिलीत विचारणाऱ्याला दोन पर्याय देता येतात, दुसरीत त्याला आठवावे लागते. किती शब्द गेले ते नक्की माहीत असेल तरच संख्या लिहा, नाहीतर ‘काही शब्द’.

नुसता रंग देऊन ठेवू नका. कागद छापला, मजकूर दुसरीकडे चिकटवला की रंग जातो, कंस राहतो. शिवाय शेवटी `Ctrl + F` दाबून `[` शोधला की सगळ्या शंका एका फेरीत सापडतात. नोटबुकातही त्या आउटलाइनखाली वेगळ्या रंगाची बारीक रेघ मारा, पण मूळ आउटलाइन गिरवू नका. गिरवलेल्या रेघेची जाडी आणि स्थान हा पुरावा कायमचा नष्ट होतो.

एक वाक्य सुरुवातीपासून शेवटपर्यंत उतरवून दाखवाल का?

समजा नोट्समध्ये चौथ्या पानावर, अकराव्या ओळीपासून हे आहे. नक्की वाचता आलेले शब्द तसेच, बाकीचे सांगाड्यात:

‘पुरवठादाराला आणखी म-द-त देण्याची विनंती समितीने (अ?)मान्य केली असून उरलेली स-त-र खोकी त्यानंतर स्वीकारली जातील.’

पहिली फेरी: पूर्ण परिच्छेद न थांबता वाचला, मग नक्की असलेला मजकूर टाइप केला आणि तीन जागी तीन ताऱ्यांची खूण ठेवली. अडलेल्या शब्दापाशी थांबून बसलात की मागच्या ओळीचा सूर हरवतो, म्हणून पहिल्या फेरीत निर्णय करायचे नाहीत.

दुसऱ्या फेरीत म-द-त. द ओळीवर टेकून थोडा खाली गेला आहे, पण अर्ध्याहून कमी. त्याच पानावर ‘सूचना’ हा उ-ऊ गटातला नक्की शब्द आहे आणि तिथला च स्पष्टपणे ओळीच्या मध्यातून गेला आहे. म्हणजे हा हात तिसरे स्थान नीट पाळतो, आणि आपला द त्याइतका खाली नाही. रेघ थोडी ‘मदत’कडे झुकते. अर्थ मात्र ‘मुदत’कडे: वाक्यात ‘त्यानंतर’ आहे, आणि पुरवठादाराने वेळ मागणे स्वाभाविक आहे. रेघ एकीकडे, अर्थ दुसरीकडे, आणि मुदत दिली की मदत दिली यावर पुढचा व्यवहार अवलंबून. खूण हवीच.

मग मान्य की अमान्य. आउटलाइनच्या आधी एक बारीक ठिपका आहे. तो अ चा ठिपका असू शकतो किंवा पेन टेकल्याचा डाग. पानावर आणखी कुठे असे सुटे ठिपके आहेत का ते पाहिले, दोन जागी आहेत आणि तिथे स्वराचा संबंध नाही. म्हणजे पेन ठिपके सोडते आहे. ‘उरलेली खोकी त्यानंतर स्वीकारली जातील’ यावरून ‘मान्य’ बरोबर वाटते, पण ही होकार-नकाराची जोडी आहे. खूण.

शेवटी स-त-र. र स्पष्टपणे वर चढतो. त्याच नोट्समध्ये ‘हजर’ आणि ‘सादर’ यांचा र खाली उतरतो, ‘दुसरा’मधला वर चढतो. हा हात नियम पाळतो हे तीन शब्दांनी दाखवले, तेव्हा वाचन ‘सतरा’. तरीही ही संख्या आहे आणि फाइलमध्ये पुरवठ्याचा तक्ता सहज पाहता येतो. तिथे उरलेली खोकी सतरा निघाली तर कंस काढायचा, तक्ता मिळाला नाही तर ठेवायचा. इथे तक्ता जुळला असे धरू. टाइप केलेले वाक्य असे होते:

```
पुरवठादाराला आणखी [मुदत / मदत ? समान, पा. ४ ओ. ११]
देण्याची विनंती समितीने [मान्य / अमान्य ? पा. ४ ओ. १२]
केली असून उरलेली १७ खोकी त्यानंतर स्वीकारली जातील.
```

पहिल्या कंसात ‘समान’ लिहिले आहे, कारण रेघ आणि अर्थ परस्परविरोधी आहेत आणि तसे वाचणाऱ्याला कळले पाहिजे. ‘मुदत’ पहिली लिहून गप्प राहिलो असतो तर रेघेचा विरोध लपला असता.

डिक्टेशन देणाऱ्याला शंका कशा विचारायच्या?

सगळ्या एकत्र, एका कागदावर, पूर्ण वाक्यासह. नुसता शब्द विचारला तर समोरच्याला प्रसंग आठवत नाही. आणि प्रश्नात उत्तर घालू नका. ‘सर, इथे मुदतच म्हणालात ना?’ असे विचारले की बहुतेक माणसे ‘हो’ म्हणतात, कारण वाक्य तसेही बरोबर वाटते. ‘मॅडम, इथे मुदत आहे की मदत?’ असे दोन्ही शब्द एकाच स्वरात, एकाच वजनाने विचारा. मिळालेले उत्तर यादीवर लिहा आणि कोणत्या दिवशी कोणी दिले तेही. नोटबुकात शंकेच्या रेघेशेजारी समासात तो शब्द देवनागरीत लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी त्या हाताची सवय कळते.

आणि ती व्यक्ती उपलब्धच नसेल तर?

कंस अंतिम प्रतीतही राहतो. तो काढून मजकूर ‘स्वच्छ’ करण्याचा दबाव येतो, पण कंस काढणे म्हणजे तुम्ही स्वतः तो निर्णय घेतल्यासारखे आहे. पहिल्या पानावर एक ओळ घाला: कंसातील शब्द लघुलिपीच्या नोट्समधून दोन प्रकारे वाचता येतात, पहिला अधिक संभवनीय, ‘समान’ लिहिले असेल तिथे दोन्ही सारखे.

संख्या, तारखा आणि नावे यांचे काय?

संख्या घेतानाच अंकांत लिहिणे हाच खरा उपाय. शब्दांत उतरलेल्या संख्यांमध्ये सतरा-सत्तर आणि सात-साठ या जोड्या विशेष फसव्या आहेत. सात-साठमध्ये त आणि ठ दिसायला वेगळे असले तरी घाईत उच्चारच नीट ऐकू आलेला नसतो, आणि ऐकण्यातली चूक रेघेत सापडत नाही. म्हणून सांगाड्यात लिहिलेली प्रत्येक संख्या एखाद्या कागदाशी जुळवा.

नावांना अर्थाचा आधारच नसतो. नाव फक्त आउटलाइनवरून वाचले असेल तर ‘[उच्चारानुसार]’ अशी टीप ठेवा, आणि ते नाव पुढे पुन्हा आले तर प्रत्येक ठिकाणी एकच रूप वापरा. वेगवेगळी रूपे ठेवली की वाचणाऱ्याला दोन माणसे वाटतात.

इंग्रजी डिक्टेशनमध्ये कोणत्या जोड्या जास्त त्रास देतात?

‘अडॅप्टेड’ आणि ‘अडॉप्टेड’ ही नमुनेदार जोडी. व्यंजने तीच, पहिला स्वर सारखाच, त्यामुळे स्थानही मदत करत नाही. आणि समितीने मसुदा ‘स्वीकारला’ की ‘बदलून घेतला’ हा फरक मोठा आहे. इथे मधला स्वर लिहिलेला नसेल तर रेघेवरून ठरवण्याचा मार्गच नाही, सरळ खूण करा. ‘पोझिशन’, ‘अपोझिशन’ आणि ‘पझेशन’ यांचा गट दुसरा. त्यांत सुरुवातीचा स्वर आणि स्थान पाहावे लागते.

ग्रेग या दुसऱ्या लघुलिपी पद्धतीत जाडीचा प्रश्नच नसतो, तिथे फरक लांबीचा असतो: त आखूड, द लांब, क आखूड, ग लांब, र आखूड, ल लांब. म्हणून ग्रेगच्या नोट्समध्ये वर सांगितलेले मापाचे तपासणे सगळ्यांत आधी करा आणि त्या हाताचा नक्की आखूड व नक्की लांब असा एकेक नमुना शोधून समोर ठेवा.

दुसऱ्याने घेतलेल्या नोट्स उतरवता येतात का?

येतात, पण मर्यादेत. प्रत्येक जण स्वतःची संक्षिप्त रूपे बनवतो आणि ती कोणत्याही पुस्तकात नसतात. आधी एक-दोन पाने नुसती वाचा आणि त्या हाताची यादी करा: कोणता हुक गाळतो, र ची दिशा पाळतो का, परत आणि प्रत वेगळे लिहितो का. मगच टाइप करायला बसा. अशा मजकुरात खुणा जास्त असणारच. एकही खूण नसलेला मजकूर आला तर तो पुन्हा तपासा.

पुढच्या वेळी शंका कमी व्हाव्यात म्हणून नोट्स घेताना काय करावे?

डिक्टेशन थांबले की पेन खाली ठेवण्याआधीची चार-पाच मिनिटे स्वर बसवण्यासाठी वापरा. सगळे नाहीत, फक्त तीन ठिकाणी: नकार देणारा सुरुवातीचा अ, तुमच्या ओळखीच्या फसव्या जोड्या, आणि नावे. हे स्वर वेगळ्या रंगाच्या पेन्सिलीने घाला, म्हणजे कोणता स्वर बोलण्याच्या ओघात लिहिला आणि कोणता आठवणीने नंतर आला ते वेगळे राहते. नंतर आलेल्या स्वराचे वजन तासाभराने कमी होते आणि दुसऱ्या दिवशी जवळजवळ उरत नाही, कारण तोवर तुम्ही ऐकलेले आठवत नसता, वाचलेले आठवत असता. उतरवणे त्याच दिवशी करावे ते याचसाठी.

रेघा नीट दिसणारी वही घ्या. ओळ फिकट असली की पहिले, दुसरे आणि तिसरे स्थान एकमेकांत मिसळते, आणि वर सांगितलेली ‘मदत-मुदत’ची सगळी तपासणी त्या एका फिकट ओळीपाशी अडकते. उतरवून झालेल्या पानावर उभी रेघ मारा, तारीख घाला, आणि शंकांची यादी सुटेपर्यंत ती वही टाकून देऊ नका.